आकृती नसलेला उतार

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं मला काही कळत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर त्यानं तेवढं सांभाळून घ्यावं. पण झालेलं लिहून ठेवावंसं वाटतं, कारण आठवलं की अजून हसू येतं.

माझी मुलगी तेव्हा अकरावीला होती. आमचं गाव माकणीच्या धरणाजवळ. लातूरच्या एका खासगी क्लासनं आमच्या भागातल्या मुलांची परीक्षा घेतली. पहिल्या नंबरांत येतील त्यांना दोन वर्षं फी माफ, राहणं-जेवणही मोफत. फी भरून तिला तिथं घालणं आम्हाला शक्य नव्हतं, त्यामुळं सगळं त्या परीक्षेवर होतं.

निकाल लागला आणि फी माफीच्या यादीत तिचं नाव थोडक्यात हुकलं. ती रडली नाही. उत्तरपत्रिका मोबाईलवर आली होती, ती बघत चुलीजवळ बसून राहिली आणि मग म्हणाली, "आई, एका प्रश्नाला मला शून्य दिलंय. तो प्रश्नच अर्धा होता."

झालं होतं असं. परीक्षेच्या केंद्रावर प्रश्नपत्रिका कमी पडल्या, म्हणून तिथल्या माणसांनी शेजारच्या दुकानातून झेरॉक्स काढून आणल्या. त्यात पानाची खालची पट्टी कापली गेली. प्रश्न होता, "आकृतीत दाखवल्याप्रमाणे उतारावर एक ठोकळा आहे, दोरीनं कप्पीवरून दुसरा लटकतो आहे, ठोकळ्यांचा वेग दर सेकंदाला कितीनं वाढेल?" घर्षणाचा आकडा प्रश्नात होता. उताराचा कोन आणि ठोकळ्यांची वजनं मात्र आकृतीत, आणि आकृती कापली गेलेली.

"मग बाकीच्यांनी काय केलं?" मी विचारलं.

"तीस अंशाचा कोन धरला. आमच्याकडचे ट्यूशनचे सर फळ्यावर कुठलाही उतार काढतात तो तीसचाच. पोरांना वाटतं, जगातले सगळे उतार तीसचेच."

"आणि तू?"

"मी कोनाला आणि वजनांना अक्षरं धरली आणि ठोकळा कुठं जाईल याच्या तिन्ही शक्यता लिहिल्या."

क्लासच्या कागदावर लिहिलं होतं की हरकत घ्यायची असेल तर पालकानं स्वतः यावं, पाचशे रुपये भरावेत. हरकत खरी निघाली तर पैसे परत. तिचे वडील ट्रकवर बाहेरगावी होते. म्हणजे जायचं मी. मी तर बसमध्ये कंडक्टरला गावाचं नावसुद्धा मोठ्यानं सांगत नाही.

"मला काही समजत नसताना मी तिथं काय बोलू?" मी म्हणाले.

"मग समजून घे," ती म्हणाली आणि उठली.

तिनं जुन्या पलंगाची फळी अंगणातल्या ओट्याला चांगली उभट टेकवली. वरच्या टोकाला दोन खिळ्यांमध्ये लाटणं बसवलं, म्हणजे ते फिरेल. विटेला सुतळी बांधून ती लाटण्यावरून पलीकडं सोडली आणि तिच्या टोकाला दुधाची किटली लटकवली. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, फळीच्या पायथ्याशी येऊन बसल्या.

"आत्या, सरकून बसा, वीट पायावर येईल," मी म्हणाले.

"यिऊ दे. माझ्या पायाला बघून वीटच मागं फिरंल."

किटली रिकामी होती. मुलीनं हात सोडला तशी वीट घसरत खाली आली आणि आत्यांनी पाय पोटाशी ओढले. "लई आगाऊ वीट हाय गं!"

मग तिनं मला किटलीत थोडं पाणी ओतायला सांगितलं. वीट जागीच थांबली. आणखी ओतलं, तरी थांबलेलीच. आणखी ओतत गेले, आणि एकदम वीट फळीवरून वर चढू लागली. मी तांब्या टाकून टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं विटा उचलल्या, पण वर चढणारी वीट पहिल्यांदाच बघितली.

तिनं कोळशानं फरशीवर एक चौकोन काढला. त्याला बाण जोडले. एक सरळ खाली, ते विटेचं वजन. एक फळीला काटकोनात, फळीचा रेटा. एक सुतळीच्या बाजूनं वर, तो ताण.

"याला फ्री बॉडी डायग्राम म्हणतात. आता घर्षणाचा बाण कुठं काढू?"

"खाली," मी म्हणाले. "ते मागं ओढत असतंय ना?"

"नेहमी नाही. वीट खाली घसरते तेव्हा घर्षण वर, ती वर चढते तेव्हा घर्षण खाली. नुसती थांबलेली असली तर ती कुठं निघायला बघतेय त्याच्या उलट. मग फळी किती उभी आणि किटलीत किती पाणी, हेच माहीत नसलं तर बाण कसा काढायचा?"

मला कळलं होतं. चौथी सुटल्यापासून असं काही कळल्याचा आनंद झाला नव्हता.

"मंजे त्यांनी किटलीच दावली न्हाय आन पाणी किती ते इचारलं, व्हय?" आत्या म्हणाल्या. आम्ही दोघी हसत सुटलो.

मुलीला घेऊन मी लातूरला गेले. क्लासच्या ऑफिसात कारकुनानं पैसे घेऊन पावती दिली आणि मूळ प्रश्नपत्रिका पुढं केली. "आकृती आहे की ही. तुमच्या मुलीनं बघितली नसेल."

मी पिशवीतून आमचा झेरॉक्सचा कागद काढून शेजारी ठेवला. त्याच्यावर पट्टी नव्हती. तो जरा गडबडला. "असू दे, पण बाकीच्यांनी धरलं ना काहीतरी. हिनंही तीस धरायचं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि किटलीत पाणी किती धरायचं?"

पलीकडच्या टेबलावर भौतिकशास्त्राच्या मॅडम पेपर तपासत होत्या. त्यांनी मान वर केली. "कसली किटली, ताई?"

मी मुलीकडं बघितलं. तिनं फळी, वीट, लाटणं सगळं सांगितलं. लाटणं जरा अडतं, प्रश्नातली कप्पी मात्र गुळगुळीत धरायची असते, हेही सांगितलं. मॅडम हसत उठून आल्या. तिची उत्तरपत्रिका उघडून तिन्ही शक्यता बोट लावून वाचल्या: लटकता ठोकळा फार हलका असेल तर, मधला असेल तर, जड असेल तर.

"आता मूळ आकृतीतले आकडे घाल," त्या म्हणाल्या. "कोन सदतीस अंश. उतारावर पाच किलो, लटकता सात. घर्षणाचा गुणांक पाव. गुरुत्व दहा धर."

मुलगी उभ्या उभ्याच बोलू लागली. "लटकत्याचं वजन सत्तर. उतारावरून खाली ओढणारं तीस, जास्तीत जास्त घर्षण दहा. सत्तर हे चाळीसहून जास्त, म्हणून ठोकळा वर चढणार, घर्षण खाली. सत्तरातून चाळीस गेले, उरले तीस. भागिले दोघांचं मिळून बारा किलो. अडीच."

"अडीचच आहे," मॅडम म्हणाल्या. मग कारकुनाला म्हणाल्या, "त्या केंद्रावरच्या सगळ्या मुलांचा हा प्रश्न पुन्हा तपासायचा. आणि हिचे पूर्ण गुण मी आत्ताच देते."

पुढच्या आठवड्यात नवी यादी आली, आणि तिच्यात माझ्या मुलीचं नाव होतं. आत्यांनी ते मोबाईलवर दोनदा वाचून घेतलं आणि शेजारणीला बोलावून तिसऱ्यांदा. तिच्या वडिलांनी फोनवर विचारलं, "तू खरंच बोललीस तिथं?" मी म्हणाले, "एकच वाक्य." ते म्हणाले, "गाडी बाजूला घेतो, परत सांग."

तिला पोचवायला गेलो त्या दिवशी तिची गादी-पेटी वसतिगृहात ठेवून मी ऑफिसात गेले. या वेळी मला आत ढकलायला कुणी लागलं नाही. कारकुनानं खुर्ची दिली, पावती मागून घेतली आणि हरकतीचे पाचशेच्या पाचशे रुपये माझ्या हातावर ठेवले.