हंबीरमामाची घट्ट बैठक

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपात हंबीरमामा ग्राइंडिंगवर आणि मी, मृत्युंजय, शेजारच्या लेथवर. वीस वर्षं बाजूबाजूला उभं राहून काम केलं, त्यातली निम्मी भांडण्यात गेली. मामा म्हंजे खडूस माणूस. चहात साखर कमी पडली तर चहावाल्याला अर्धा तास शाळा शिकवायचा. पण हात असा, की गिऱ्हाईक दुसऱ्याकडं फिरकायचं न्हाय. झिजलेला शाफ्ट, म्हंजे मोटरचा फिरता दांडा, वेल्डिंगनं भरायचा, मी लेथवर उतरवायचा, आणि शेवटचा हात मामानं मारायचा.

मामाचं एकच म्हणणं, बेरिंग शाफ्टवर घट्ट बसलं पायजे. तरुणपणी त्येनं घासलेल्या एका शाफ्टवर बेरिंग सैल पडलं, आतली रिंग शाफ्टवरच गरागरा फिरली आन् शाफ्ट खाऊन गेली. मालकानं गल्लीभर ऐकू जाईल असा पाणउतारा केला. तवापासनं मामा शाफ्ट ठरलेल्या मापापेक्षा केसभर जाड ठेवायचा. प्रेसवर बेरिंग करकरत बसलं की म्हणायचा, "बघ! घरजावई बसलाय. आता हलतोय व्हय?" आमी हसायचो. तक्रार कधी आलीच न्हाय, मग कशाला वाद घालायचा?

दोन हजार एकचा उन्हाळा. शिरोळकडच्या एका पाणी संस्थेची नदीवरची मोटर आमच्याकडं आलती. शाफ्टची बेरिंगची जागा झिजलेली. आमी भरून, घासून दिली, संस्थेनं आणलेलं नवं बेरिंग बसवलं. आठवड्यात मोटर किंचाळली आन् जाम झाली. त्याच शाफ्टवर दुसरं बेरिंग घातलं, तेबी जळालं. इकडं ऊस वाळाय लागला, तिकडं शेतकरी चेअरमनच्या दारात.

बेरिंग उघडलं तर ग्रीस जळून नुसता कोळसा. चेअरमननं लगेच निकाल दिला, "पुरतं ग्रीस घातलंच न्हाय. डबा विकून खाल्ला भरमाप्पानं."

भरमाप्पा म्हंजे पंपावरचा माणूस. पंपाशेजारच्या खोलीतच संसार, बायको रत्नव्वा, एक लेक. मोटरचा आवाज जरा बदलला तर जेवत्या ताटावरनं उठायचा. त्याला कामावरनं घरी बसवला. पुढच्या बैठकीत कायमचा काढायचा ठरलं. नोकरी जाणार ती जाणारच हुती, पण गावानं त्याचं नावच टाकलं, ग्रीसचोर. पोरं मागनं ओरडायची. रत्नव्वा पाणी भरायला जायची बंद झाली.

बैठकीच्या आदल्या दिवशी संस्थेच्या नव्या इंजिनिअर संघप्रिया मॅडम मोटर घेऊन वर्कशॉपात आल्या. हातकणंगल्याच्या. बोलणं कमी, बघणं जास्त. जळकं बेरिंग त्यांनी मामापुढं धरलं.

"मामा, हे बघा. भार खालीच असतो, तर बाहेरच्या रिंगला गोळ्यांची वाट खालच्या बाजूलाच दिसायला पायजे. हितं पुरी गोल उमटलीय. आन् आतली रिंग निळी पडलीय."

"मग? ग्रीस न्हवतं," मामा गुरकावला.

"ग्रीस आधी संपलं न्हाय. आधी तापलं, मग ग्रीस जळालं. शाफ्ट मापूया."

मायक्रोमीटर लावला. पन्नास मिलिमीटरच्या वर बावीस मायक्रॉन, म्हंजे मिलिमीटरचे बावीस हजारावे भाग. बेरिंगचं भोक पन्नासाला चार कमी. म्हंजे सव्वीस मायक्रॉनचा दाब. मामा छाती काढून म्हणाला, "घट्ट हाय की!"

मॅडमनी तसलंच नवं साधं बेरिंग त्याच्या हातात दिलं. "हलवून बघा." बाहेरची रिंग आतल्यावर बारीकशी डुलत हुती. "गोळ्या आन् रिंगांमधी एवढी जागा सोडलेली असती. ह्या बेरिंगात पंधरा मायक्रॉनच्या आसपास. आता तुमच्या शाफ्टवर बसवा."

मामानं प्रेस ओढला. करकर झाली. मग त्येनं बाहेरची रिंग फिरवली, आन् त्याचा चेहरा उतरला. डुलणं गेलं हुतं. रिंग फिरायची, पण वाळू भरल्यावाणी, अडत अडत.

"आतली रिंग शाफ्टनं फुगवली," मॅडम म्हणाल्या. "जेवढा दाब, त्यातला थोडा खडबडीतपणा चेपण्यात जातो. उरल्याच्या पाच भागांतलं चार जागेतनं वजा. वीसेक मायक्रॉन गेले. हुते पंधरा. गोळ्या चिमटीत सापडल्या. चालू झाल्यावर आतली रिंग बाहेरच्यापेक्षा जास्त तापती, आणखी फुगती. मग काय राहणार?"

"वीस वर्षं मी हेच करतोय!" मामा ओरडला. "आत्ताच कसं जळालं?"

मॅडमनी मोटरबरोबर आलेलं मूळ जुनं बेरिंग काढलं आन् कडेवरचा शिक्का दाखवला. सी थ्री. "ह्यात आधीच जागा जादा, पंचवीस-तीस. कंपनीनं मोटरला हेच दिलतं. तुमचा घट्टपणा आजवर असल्याच बेरिंगांनी पोटात घेतला. ह्या वेळी संस्थेनं साधं आणलं, आन् तुमी शिक्का बघितला न्हाय."

मामानं तो शिक्का अंगठ्यानं चोळला. आयला, तो शिक्का हजार वेळा आमच्या हाताखालनं गेलता! मीबी कधी वाचला न्हवता. मला वाटलं, आता मामा चेअरमनच्या नावानं खडे फोडणार. साधं बेरिंग त्येनंच आणलं हुतं की. पण मामानं मशीन बंद केलं, हात पुसलं आन् म्हणाला, "मृत्युंजय, उद्या शिरोळला चल."

बैठकीत चेअरमन ठराव वाचत असतानाच मामा उठला. "पावणं, थांबा. ग्रीस घातलं हुतं. माझ्या घट्टपणानं जळालं. शाफ्ट म्या केला आन् बेरिंग तुमी चुकीचं आणलं. ह्या दोघांत भरमाप्पा कुठं हाय?" चेअरमन म्हणाला, "तुमाला कुणी इचारलंय?" मामा म्हणाला, "कुणी न्हाय. म्हणून तर आलोय." मॅडमनी साधं आन् सी थ्री अशी दोन्ही बेरिंगं टेबलावर ठेवली आन् ज्याला त्याला हलवून बघायला लावली. शेवटी ठराव फाडावा लागला.

मामानं शाफ्ट दहा मायक्रॉन खाली घासला, सी थ्री बेरिंग बसवलं. ह्या बारीला प्रेस ओढल्यावर करकर ऐकायला थांबला न्हाय. बाहेरची रिंग हलवत बसला, मलाबी तीनदा हलवाय लावली. पंपावर मोटर चालू केल्यावर बेरिंगच्या घरावर तळहात ठेवून उभा राहिला. कोमट. त्या दिवशी मामा रडला, मोटरकडं तोंड करून. मी कधी बघितलं न्हवतं तसलं.

भरमाप्पा कामावर परत आला. पण नाव गेलं न्हाय. ग्रीसचोर ते ग्रीसचोरच. मामा रिटायर झाला तरी एसटीनं शिरोळला जायचा, आन् कुणी तसं म्हटलं की तिथंच म्हणणाऱ्याची अब्रू काढायचा.

एकदा मीबी संगं हुतो. बाजारात भरमाप्पा भेटला, तेवढ्यात कुणीतरी त्याला हसत हाक मारली, "काय ग्रीसचोर, लेकीचं जमलं का?" मामा पेटला. भर बाजारात, "चोर त्यो न्हाय रे! मी जाळलं बेरिंग! मला बोल!" माणसं जमली. नव्या पोरांनी इचारलं, कसलं बेरिंग, कसला चोर? जुन्यांनी सगळी गोष्ट पहिल्यापासनं सांगाय घेतली.

भरमाप्पानं मामाचा दंड धरला. मामाच्या वयाचाच दिसाय लागला हुता तो.

"मामा, तुमच्या पाया पडतो, ओरडू नका," तो हळूच म्हणाला. "तुमी ओरडला की लोकांना परत आठवतंय."

मामा तसाच एसटी स्टँडकडं वळला. त्यानंतर तो शिरोळला कधी गेला न्हाय.