गुरुजींना दिलेली तीन महिन्यांची मुदत

ऐंशीच्या सुमारास मी मोखाडा तालुक्यात शाळा तपासणारी विस्तार अधिकारी होते. डोंगरावरच्या एका पाड्यातल्या शाळेने माझं डोकं उठवलं होतं. तिथले एकुलते एक गुरुजी स्वभावाने गोड, पण शाळा बाराला उघडायची आणि तिसरीच्या मुलांना फळ्यावरचं उतरवून काढण्यापलीकडे काही येत नव्हतं. वरिष्ठ थेट कारवाईला निघाले होते. मीच त्यांना गुरुजींना सुधारण्यासाठी लेखी मुदत द्यायला लावली.

गुरुजींना समोर बसवून मी त्या मुदतीच्या अटी ठरवल्या. शाळा रोज अकराला उघडायची. पटावरच्या दर चार मुलांमागे तीन तरी हजर हवीत. तिसरीच्या आठांपैकी सहांनी न शिकवलेला उतारा वाचायचा. आमच्याकडून वाचनाची कार्डं, आणि दर शनिवारी शेजारच्या गावच्या शाळेतल्या जाणत्या बाई मदतीला. तपासणी तीन महिने, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी. गुरुजींनी हसत सही केली.

तपासणीच्या पहिल्या सोमवारी शाळा वेळेवर उघडली होती. मुलं धडा घडाघडा वाचत होती. मी पुस्तकं मिटायला सांगितली, तरी वाचतच राहिली. मग मीच खडू घेतला. मुलं घरी नाचणीला नागली म्हणत, तिथपासून सुरुवात करून दुपारपर्यंत शिकवून दाखवलं.

दुसऱ्या महिन्याच्या सोमवारी वाचन जेमतेम होतं. मी तसा शेरा लिहिला. गुरुजी प्रथमच हसले नाहीत.

"बाई, कार्डं आली नाहीत. शनिवारच्या बाईंना मतदारयाद्यांच्या कामाला लावलंय. त्याचा शेरा कुणाच्या नावावर?"

मला राग आला, पण तो त्यांच्यावर काढण्यात अर्थ नव्हता. 'मदत मिळाली नाही' असं मी त्याच कागदावर लिहिलं. कार्डं जव्हारच्या कचेरीत एका सहीसाठी अडकून पडली होती. सही घेऊन मी ती एसटीने आणली आणि बाईंना शनिवारपुरतं सोडवून घेतलं.

तिसऱ्या सोमवारपर्यंत दिवाळी होऊन गेली होती आणि अर्धा पाडा वीटभट्ट्यांवर गेला होता. तिसरीत पाच मुलं उरली होती. त्यांतली तीन अडखळत वाचत होती. वरिष्ठ म्हणाले, सहा म्हणजे सहा. मी त्यांच्याशी आठवडाभर भांडले. मदत उशिरा पोचली तर मुदत वाढायला हवी, आणि भट्टीवर गेलेल्या मुलाचं वाचन गुरुजींनी कुठून दाखवायचं? अखेर त्यांनी महिना वाढवला आणि गावात असलेलीच मुलं मोजायची असं ठरलं.

चौथ्या सोमवारी पाचपैकी चारांनी नवा उतारा वाचला. एक मुलगी तर थांबेचना. गुरुजींची नोकरी राहिली. निकाल सांगताना त्यांच्यापेक्षा मीच जास्त दमले होते.

पुढच्या आठवड्यात मी न कळवता शाळेत गेले. साडेअकरा झाले होते आणि शाळेला कुलूप होतं. मी मुलांबरोबर पायरीवर बसून राहिले. बाराला गुरुजी आले, मला पाहून थबकले.

"ते सोमवार संपले ना, बाई?"

मी त्यांच्यापुढे हात केला, किल्ली घेतली आणि शाळा उघडली.