पालकसभेच्या दारात

माझे पूर्ण नाव संपत दाजीबा ढोके, वय वर्षे एकसष्ट, राहणार सिंदी मेघे. हे आरंभीच नमूद करतो. कारण जी फजिती आपणांस निवेदन करावयाची आहे, तीत मी कोण हेच कोणास ठाऊक नव्हते.

शाळेची पायरी मी बालपणी चढलो नाही. आमच्या वस्तीतल्या पोरांना तेव्हा वर्गाच्या दाराबाहेर बसवीत, आणि पुढे तेही थांबले. कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करता करता गठाणींवरील अक्षरांवरून वाचावयास शिकलो. आज वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचतो. म्हणून नात कांता शाळेत जाऊ लागली तेव्हा, तिचे आईबाप मजुरीला जात असल्याने, पालक म्हणून माझे नाव लागले. केवढा हा मान, आपणच विचार करा.

तिच्या वर्गशिक्षकांची चिठ्ठी आली. वार्षिक परीक्षेपूर्वी रविवारी पालकसभा होती. कांताला चौथीत चढवावे की तिसरीतच ठेवावे, याविषयी बोलावयाचे होते.

मी काळा कोट चढविला. चष्मा, छत्री, काखेत वर्तमानपत्र. शाळेत पोहोचलो. दार सताड उघडे. आत पालक बसलेले, फळ्यावर सुंदर अक्षरांत 'सुस्वागतम्'. ते पाहून माझा ऊरच भरून आला. आणि मी दाराशी उभा राहिलो. कोणी 'या' म्हटल्यावाचून आत जावे कसे?

आतून गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. त्यांचा आवाज एकदम चढला. पालक ताठ बसले. मी मनात म्हटले, काय ही शिस्त.

सभा सुटली. एकेक पालक मला हात जोडून बाहेर पडला. मीही हात जोडले. आत गुरुजी घाईघाईने हजेरीपट लावीत बसलेले. त्यांना व्यत्यय नको, म्हणून मी घरी परतलो.

"आबाजी, गुरुजी काय म्हनले?" कांताने विचारले.

"भेट झाली नाही."

"तुमी तं शाळेतच गेलते ना?"

"शाळेपर्यंत गेलो होतो," मी म्हणालो. "पत्र लिहितो. दौत आण."

पत्र असे लिहिले: 'कृ. सा. न. वि. वि. तिसरीतील कु. कांता हिचा पालक या नात्याने, रविवारच्या पालकसभेस उपस्थित राहू शकलो नाही, याबद्दल क्षमस्व. तिच्या प्रगतीविषयी आपणांशी सविस्तर बोलण्याची इच्छा आहे. शाळा सुटल्यावर आपल्या सोयीची कोणतीही वेळ कळविल्यास हजर होईन.' कारण लिहिताना मात्र लेखणी अडली. खोटे लिहावयाचे नव्हते आणि खरे लिहवत नव्हते. अखेर 'वैयक्तिक अडचणीमुळे' असे घातले.

उत्तर त्याच कागदामागे आले: 'शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर या. उशीर नको, परीक्षा जवळ आली आहे.'

शनिवारी तोच कोट, तीच छत्री, तेच दार. मी पुन्हा उभा. गुरुजींनी वर पाहिले आणि ताडकन उठले.

"नमस्कार साहेब. सगळे हजेरीपट तयार आहेत."

"कसले हजेरीपट?"

"तपासणीचे. त्या दिवशी तुमी आत आलेच नाई. हेडमास्तर मले म्हनले, साहेब बाहेरूनच पाहून गेले, आता आपलं काही खरं नाई. सहा रोज झोप नाई, साहेब."

"मी साहेब नव्हे. कांताचा आजोबा. पत्र पाठविले होते."

गुरुजी खुर्चीत बसले. मग एवढे हसले की डोळे पुसावे लागले. "मंग आत काऊन नाई आले, आबाजी?"

"आपण बोलाविले नाही."

"अन् आमी वाट पाहून राह्यलो होतो का साहेब कवा आत येते."

मला खुर्ची दिली. शाळेतली खुर्ची. मी काठावर बसलो. गुरुजींनी सहामाहीचे प्रगतिपत्रक पुढे ठेवले. लेखी गणित उत्तम, वाचन उत्तम, हजेरी पूर्ण. तोंडी परीक्षेत शून्य.

"उत्तर येते तिले," गुरुजी म्हणाले. "पन हात वर करत नाई. समोर बस म्हटलं तरी दारापाशी बसते. नाव घेऊन विचारलं तरच बोलते. तोंडीत पास नाई झाली तं चौथीत कसं चढवू? हे तिले कोनं शिकवलं असन?"

मी कोटाच्या गुंड्या पाहू लागलो.

"मी," अखेर म्हणालो. "मीच रोज सांगतो, बोलाविल्यावाचून पुढे जायचे नाही."

गुरुजी हसले नाहीत. "आता उलटं सांगा. मी एक महिना तोंडी घेतो रोज. मंग ठरवू."

घरी जाऊन कांताला म्हटले, "सोमवारपासून समोर बसजो. उत्तर आले की हात वर."

"कोनी बोलावलं नाई तरी?"

"तरीही."

ती माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, "मंग तुमी काऊन दारात उभे राह्यता?"

कांता आता चौथीत आहे व पहिल्या रांगेत बसते. मी पालकसभेस वेळेवर जातो आणि आत बसतो. काळा कोट मात्र घरी ठेवून जातो. हेडमास्तरांची तशी विनंती आहे.