काट्यावरचा टॉवेल

गोदावरी व्यायामशाळेत आली की आधी वजनकाट्यावर टॉवेल टाकायची. बायकांची तुकडी संपेपर्यंत तो कुणी उचलायचा नाही. आज मला इथं येऊ लागून महिना झाला. आजच तिचा इथला शेवटचा दिवस होता, आणि त्यात माझा हात आहे. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

ती झरी गावची, मेंढ्या राखणाऱ्या घरातली. शाळेत असताना खो-खो खेळायची, मग परभणीत येऊन प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम केला. वय तिशीच्या आत, पण आम्हा चाळिशीतल्या बायकांना दटावताना थोरली वाटायची. पहिल्या दिवशी मी माझं वजन सांगायला लागले, तर मध्येच तोडून म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या ताई. खाली बसल्यावर हात न टेकता उठता येतं का, ते सांगा." येत नव्हतं.

तिनं मला बाकावर बसून उठायला लावलं. टाचा जमिनीला, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनं, उठताना श्वास सोडायचा. आठ वेळा केलं आणि मांड्या थरथरल्या. दुसऱ्या दिवशी मी शिकवते त्या शाळेचा जिना कठड्याला धरून उतरले. "पहिला हप्ता दुखतंय. मंग कमी होतंय," ती म्हणाली. आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. मी रोज येते म्हटलं तर तिनं साफ नाही म्हणून सांगितलं. "उचलताना ताकद वाढत न्हाई. झोपल्यावर वाढती."

प्रत्येकीची एक वही होती. बारा वेळा नीट जमलं की पुढच्या खेपेला अडीच किलो जास्त. आणखी दोनदा जमेल असं वाटत असतानाच थांबायचं. पाठ वाकडी झाली की ती उचल मोजायचीच नाही. कितीदा तरी माझ्या दहाच्या तिनं सात केल्या, आणि मी मनातल्या मनात चरफडले.

गेल्या आठवड्यात ती पाणी प्यायला गेली तेव्हा मी टॉवेल उचलला. चारशे ग्रॅम वाढलं होतं. तीन आठवडे भात कमी केला, रोज डाळ नि अंडी खाल्ली, आणि वाढलं! डोळ्यांत पाणी आलं. मी तिच्याकडे गेले नाही, सरळ व्यायामशाळेच्या मालकांकडे गेले आणि म्हणाले, "तुमच्या मॅडमच्या हातून काही फरक पडत नाही."

गोदावरीला कळलं, पण ती चिडली नाही. वही उघडून समोर धरली. "नव्या व्यायामानं स्नायू पाणी धरून ठेवायलेत, म्हणून काटा वर गेलाय. पहिल्या महिन्यात मांस लय वाढत न्हाई, मेंदू शिकायलाय, कोणता स्नायू कवा लावायचा ते. हे बघा, बिनवजनाच्या आठ होत्या. आता दहा किलो छातीशी धरून बारा." मी म्हटलं, "वहीत दिसतं, आरशात नाही." तिनं वही मिटून ठेवली.

मग मी रागारागानंच घरी आठवायला बसले. दुपारी डोकं दुखायचं, ते बंद झालं होतं. रात्री मध्येच जाग येत नव्हती. परकराची नाडी दोन बोटं जास्त आवळावी लागत होती. वर्गात सहा तास उभं राहूनही कंबर धरत नव्हती. हे सगळं महिनाभर होत होतं आणि मी फक्त काट्याकडे पाहत होते.

आज मालकांना तेच सांगायला गेले. ते म्हणाले, "बाई, तिला काढायचा निर्णय झाला. लोकांना महिन्यात पाच किलो कमी झालेलं पाहिजे. मी फलकावर तसं लिहायला सांगितलं, तर ती खोटं लिहिणार न्हाई म्हणते. आणि तुमची तक्रार तर होतीच." मी पुष्कळ बोलले. त्यांनी फोन उचलला.

गोदावरी सामान आवरत होती. बायकांसाठी तिनं स्वतःचे दोन डंबेल आणून ठेवले होते, दहा-दहा किलोंचे. मी म्हटलं, "माझ्यामुळं झालं." ती म्हणाली, "तुमच्यामुळं अर्धं. अर्धं माझ्या तोंडामुळं." हसली नाही. "सोमवारी सुट्टी घेऊ नका. पाठ सरळ ठेवा. कोन्ही मोजलं न्हाई तरी वाकडी उचल मोजू नका."

तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. मी दोन डंबेल उचलले आणि जिना उतरून रिक्षापर्यंत नेले. वाटेत एकदाही टेकवले नाहीत. रिक्षा वळेपर्यंत तिथंच उभी होते. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.