दुसरं कोणी नव्हतं

नोकरीच्या ऑनलाइन अर्जात एक छोटी चौकट होती. सहा महिन्यांपेक्षा जास्त खंड असेल तर कारण लिहा, असं तिच्यावर इंग्रजीत होतं आणि बाजूला लाल चांदणी, म्हणजे रिकामी सोडायची सोय नाही. मी तिथं लिहिलं, तेही इंग्रजीतच, पण मराठीत सांगायचं तर ते एवढंच होतं: 'वडिलांचा पाय मोडला. दुष्काळ होता. घरची मेंढरं राखायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी नोकरी सोडली आणि मेंढरं राखली. आता मेंढरं विकली आहेत.'

यात लपवण्यासारखं काय आहे, मला आजही कळत नाही. पण माझ्या धाकट्या भावाला त्यातलं 'दुसरं कोणी नव्हतं' असं झोंबलं, की शहरात गारखेड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत पुढं महिनाभर कोणी कोणाशी धड बोललं नाही.

आधी सांगायला हवं ते सांगते. आम्ही सोयगावकडचे, मेंढपाळ. आबांनी आयुष्यभर मेंढरं वळली आणि आम्हा दोघांना शिकवलं. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि चिकलठाण्यातल्या एका कारखान्यात क्वालिटीत लागले. पार्टची मापं घ्यायची, बसत नसेल तो बाजूला काढायचा. कामात मन रमायचं. भाऊ बी.कॉम. होऊन त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या, मोठ्या कंपनीत स्टोअर्सला लागला. आम्ही दोघं गारखेड्यात भाड्यानं राहायचो. त्याचं लग्न झालं तरी मी तिथंच होते.

मग ते साल आलं. शहरात नळाला आठवड्यानं पाणी, आणि जालना रोडला नव्या बिल्डिंगा मात्र रोज एक मजला वर चढायच्या. त्यांना पाणी कुठून मिळायचं ते त्यांनाच ठाऊक. गावाकडं आबा आटलेल्या विहिरीत उतरताना घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन करून त्यांना आमच्याकडं आणलं.

आमच्यात पाच-सहा बिऱ्हाडं मिळून मेंढरं घेऊन चाऱ्यापाण्यामागं निघतात. रीत अशी की ज्याची मेंढरं, त्याच्या घरचं एक धडधाकट माणूस मेंढरांमागं चाललं पाहिजे. माणूस द्यायला नसेल तर मेंढरं कळपातून बाजूला काढायची. दुसऱ्यानं तुमचं ओझं का वाहायचं, आणि तेही अशा सालात? कुणी वाईट वाटून घेत नाही. माय बिऱ्हाड सांभाळायला होती, पण तिचे गुडघे गेलेले. मेंढरांमागं चालणारं माणूस हवं होतं.

वहिनी आबांच्या शुश्रूषेला धरली, तर तेव्हा आमच्या घरात धडधाकट माणसं दोन उरत होती. कोणी जायचं याची चर्चा झाली, असं मला सांगायला आवडलं असतं. झाली नाही. आबा खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "पोराची नोकरी पक्की हाय, ती सोडून कसं चालंल?" माझीही पक्कीच होती. त्याच्यापेक्षा वर्षभर जुनी होती. पण भाऊ भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसला, वहिनी चहा ठेवायला उठली आणि सगळ्यांनी मिळून माझ्याकडं पाहिलं. मी राजीनामा दिला.

दीड वर्ष मी मेंढरांमागं होते. त्याचं कौतुक मला करायचं नाही. ऊन होतं, गोचिड होते, आणि एरवी खतासाठी मेंढरं शेतात बसवा म्हणून मागं लागणारे शेतकरी पाणी मागू म्हणून लांबूनच हाकलायचे. मधला पावसाळा कोरडा गेला. मेंढरं मरत गेली, उरली ती विकली, आणि मी न् माय गारखेड्यात आलो. आता घरात पाच माणसं आणि एक पगार. माझी जुनी जागा कधीच भरली होती.

भावाच्या कंपनीत क्वालिटीची जागा निघाली. तिथं कामगारानं आपल्या माणसाचं नाव सुचवायची पद्धत आहे. त्याला रेफरल म्हणतात. भावानं स्वतःहून माझं नाव टाकलं, हे मी नाकारत नाही. मला लिंक आली. त्याच्याच लॅपटॉपवर मी खातं उघडलं, नोकरीच्या तारखा टाकल्या, जुनी कंपनी सोडल्याचं रिलिव्हिंग लेटर जोडलं, आणि त्या चौकटीशी आले.

भाऊ मागून वाचत होता.

"ताई, हे काय लिहिलंस? फॅमिली रिझन्स लिही की. सगळे तेच लिहितात."

"सगळ्यांनी मेंढरं राखली होती का?"

"तसं नाय. पण 'दुसरं कोणी नव्हतं' म्हंजे काय? मी नव्हतो व्हय?"

"होतास ना. मग आला का नाहीस?"

मी बटण दाबलं आणि अर्ज गेला. 'तुमचा अर्ज मिळाला' असा मेलही लगेच आला.

चार-पाच दिवसांनी भाऊ कामावरून आला तो चप्पल भिरकावतच. भरती बघणाऱ्या साहेबांनी त्याला कॅन्टीनमध्ये गाठून विचारलं होतं, "काय रे, तुझ्या बहिणीनं लिहिलंय घरी कोणी नव्हतं. तू कुठं होतास मग?" टेबलावर बाकीचे हसले. त्यात कुणीतरी मेंढरासारखा आवाजही काढला. माझ्या भावानं तिथं कुणालाच सांगितलं नव्हतं, की आम्ही मेंढपाळ आहोत. 'गावी शेती आहे' असं सांगत आला होता.

"तू आत्ताच्या आत्ता ते बदल," तो म्हणाला.

"एकदा पाठवलं की बदलता येत नाही. बघ तूच."

खरंच येत नव्हतं. पानावर 'अर्ज विचाराधीन' एवढं दिसायचं आणि खाली एकच बटण होतं, अर्ज मागं घेण्याचं.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मी अंगणात ड्रम भरत होते. मोटारीला पाइप लावला आणि फोन वाजला म्हणून पाहिलं. मेल होता. 'आपल्या विनंतीवरून आपला अर्ज मागे घेण्यात आला आहे. आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आभार.'

माझ्या विनंतीवरून! मी विनंती केली होती म्हणे, नळाचा पाइप हातात धरून. लॅपटॉप त्याचा, पासवर्ड त्यात जपून ठेवलेला, नुसतं उघडायचं आणि दाबायचं. ड्रम भरून पाणी वाहायला लागलं तरी मी तशीच उभी. शेजारीण ओरडली तेव्हा पाइप काढला आणि ओल्या हातांनी आत गेले.

"तू केलंस?"

भाऊ डबा भरत होता. वर न बघता म्हणाला, "परत भर. नीट लिहून भर. मी परत रेफर करतो."

मी कंपनीत फोन लावला. बाई सभ्य होत्या. म्हणाल्या, "मॅडम, तुम्हीच विथड्रॉ केलंय, आम्हाला सिस्टीममध्ये तसंच दिसतंय. या जागेसाठी आता परत अर्ज घेता येत नाही. पुढची जागा निघेल तेव्हा बघा." त्यांचा काही दोष नव्हता. मी फोन स्पीकरवर ठेवला होता, म्हणजे भावानंही ते ऐकलं.

तेव्हा मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. जिभेला हाड नव्हतं. दीड वर्षाचा राग एकदम बाहेर आला. वहिनी बिचारी मधे पडली, तिलाही मी बोलले. मला राग नुसता नोकरी गेल्याचा नव्हता. तू गेला नाहीस, ते एकवेळ जाऊ दे, पण मी गेले हेसुद्धा तुला कुठं दिसू द्यायचं नाही? मी चाललेली वाट तू एका बटणानं पुसणार?

आबा खाटेवरून म्हणाले, "जाऊ दे गं पोरी. त्याची इज्जत जाती हापिसात."

माझा बाप हे बोलला. ज्यानं मेंढरांना कधी तहानलेलं झोपू दिलं नाही, तो. मी आबांना उलट उत्तर कधी दिलं नव्हतं, त्या दिवशीही दिलं नाही. पण त्यांच्या हातात चहाचा कप द्यायचा तो मी खाली ठेवला आणि निघून गेले.

त्यानंतर मी माझ्या फोनवरून, माझ्या पासवर्डनं, कुणाच्या रेफरलशिवाय अर्ज भरले. प्रत्येक ठिकाणी ती चौकट असायचीच. प्रत्येक ठिकाणी मी तेच लिहायचे, एक अक्षर न बदलता. बऱ्याच ठिकाणांहून काहीच आलं नाही. माय म्हणायची, "बदल की एखादा सबुद, पोटासाठी." रागात माणूस हट्टाला पेटतं, तशी मी पेटले होते. आपण चूक तर करत नाही ना, असंही मधूनच वाटायचं.

शेवटी एका मध्यम कारखान्यातून मुलाखतीला बोलावणं आलं. टेबलापलीकडं क्वालिटीचे साहेब आणि एचआरच्या मॅडम. साहेबांसमोर माझा अर्ज छापून ठेवला होता. कामाचं सगळं विचारून झालं. मग त्यांनी चौकटीतल्या त्या ओळींवर बोट ठेवलं.

"हे आवडलं मला, खरं लिहिलंय. पण एक सांगा. परत दुष्काळ पडला, परत घरी गरज लागली, तर परत सोडून जाल?"

म्हणजे खरं आवडतं, पण परवडायला हवं. माझ्या कानशिलांना झळ लागली. आजारी बापासाठी नोकरी सोडली नाही म्हणून माझ्या भावाला कुणी कधी असं खुर्चीवर बसवून विचारलं नव्हतं. मला 'नाही सर' म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "सर, माझा नंबर होऊन गेला. आता भावाचा."

मॅडम हसल्या. साहेब हसले नाहीत, मान हलवून त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

दहा-बारा दिवसांनी ऑफर लेटर आलं. संध्याकाळी सगळे जेवायला बसलो होतो. मायनं विचारलं, त्यांनी काय काय इचारलं? मी सगळं सांगितलं. तो प्रश्न सांगितला आणि माझं उत्तरही. भावाचा घास हातातच राहिला.

"असं बोललीस? परक्या माणसांपुढं? माझ्याबद्दल?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबा भिंतीला टेकून बसले होते ते म्हणाले, "खरंच बोलली ती. नंबर तुझाच व्हता, तवाबी. आता मेंढरं नायत म्हनून सुटलास."

भाऊ ताटावरून उठला. वहिनी त्याच्या मागं गेली नाही, तिनं आबांना भाकरी वाढली.

आबा माझ्याकडं बघत होते. मला बरं वाटेल, अशी त्यांची समजूत असावी. मला रडू आलं, पण ते रागाचं होतं. हेच एक वाक्य त्यांनी कोणी जायचं ते ठरलं त्या दिवशी खाटेवरून म्हटलं असतं, तर मला ती चौकट कधी भरावीच लागली नसती.