उपाशी म्हणजे काय

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. थोरलीने पडद्यांचं कापड कटिंगच्या टेबलावरून खाली उतरवलं आणि तिथे रक्ततपासणीच्या चिठ्ठ्या पसरल्या. औषधांच्या डब्यातल्या, पर्समधल्या, भावाच्या शर्टाच्या खिशातून धुऊन निघालेली एक. काहींची शाई इतकी उडाली होती की त्या उजेडासमोर धराव्या लागत.

तीन वर्षांपूर्वी तिने आपली एक किडनी धाकट्या भावाला दिली. तिचं लग्न झालं नव्हतं, त्याचं मोडलं होतं, घरात दोघंच. ती पडदे शिवे, तो घड्याळं दुरुस्त करी. आता त्याचं क्रिएटिनिन वाढत चाललं होतं, म्हणजे किडनी रक्तातली घाण पुरती बाहेर टाकत नव्हती. नव्या डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, "सुटी चिठ्ठी मी बघणार नाही. सगळं एका कागदावर ओळीने हवं. टॅक्रोलिमसची पातळी, तेव्हाचा डोस, क्रिएटिनिन."

टॅक्रोलिमस म्हणजे परकी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून जन्मभर घ्यायचं औषध. रक्तात कमी पडलं तर शरीर किडनीवर तुटून पडतं. जास्त झालं तर औषधच तिला मारतं.

एका चिठ्ठीवर क्रिएटिनिन एकशे एक्केचाळीस बघून तिने ती पुन्हा उजेडासमोर धरली. मग लक्षात आलं, त्या लॅबचं मापच वेगळं. अठ्ठ्याऐंशी पूर्णांक चारने भागलं, एक पूर्णांक सहा आलं. तेही चांगलं नव्हतंच.

"माझ्यापेक्षा माझ्या कागदांचं वजन जास्त," धाकटा दारात उभा राहून म्हणाला.

"तोंड धू आधी."

"किडनी तुझीच गं ताई. हट्टी असायचीच."

ती हसली नाही. ओळी लागत होत्या, पण जुळत नव्हत्या. पहिल्या दीड वर्षात डोस सकाळ-संध्याकाळ दोन मिलिग्रॅम, पातळी सहाच्या आसपास, क्रिएटिनिन एक पूर्णांक दोन. मग एकदम पातळी तेरा पूर्णांक आठ. डोस दीडवर. पुन्हा बारा. डोस एकवर. त्यानंतर साडेसात, 'ठीक' असा शेरा. आणि क्रिएटिनिन मात्र एक पूर्णांक तीन, एक पूर्णांक सहा, दोन पूर्णांक एक. दर वेळी ओपीडीत वेगळा डॉक्टर आणि त्याच्या हातात एकच चिठ्ठी.

"तेरा आली तेव्हा तू काही वेगळं घेतलं होतंस?"

"काय घेणार? तेव्हापासून तर आपण कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये जायला लागलो. मोठ्या हॉस्पिटलची रांग नको म्हणून."

तिने चिठ्ठ्यांच्या कडा पुन्हा पाहिल्या. बारीक अक्षरात नमुना घेतल्याची वेळ होती. जुन्या चिठ्ठ्यांवर आठ चाळीस, आठ पन्नास. कोपऱ्यावरच्या लॅबच्या सगळ्या साडेदहानंतरच्या.

गोळी नऊची.

"रक्त द्यायला जाताना तू गोळी घेऊन जायचास?"

"तूच तर द्यायचीस. नऊचा ठोका चुकवायचा नाही म्हणून. अन् ते म्हणायचे उपाशी या, तर मी उपाशीच जायचो. पाण्याचा एक घोट, बस्स."

ती स्टुलावर बसली. मोठ्या हॉस्पिटलात सिस्टर सांगायची, गोळी सोबत आणा, रक्त दिल्यावर घ्या. ते एका माणसाचं सांगणं होतं, सिस्टरबरोबर तिथेच राहिलं. कोपऱ्यावर नुसता एक शब्द मिळाला, उपाशी. दोघांनी त्याचा अर्थ अन्न असा लावला. औषध कुणी अन्नात धरतं का?

दुपारी डॉक्टरबाईंनी कागद वरून खाली वाचला. वेळेचा रकाना थोरलीने शेवटी, लाल पेनने जोडला होता. बाईंचं बोट तिथेच थांबलं.

"हे आकडे गोळी घेतल्यावर दीड तासाने घेतलेल्या रक्ताचे. तेव्हा पातळी चढलेलीच असणार. पुढची गोळी घ्यायच्या आधीची, सगळ्यात खालची पातळी बघायची असते." त्यांनी बोट डोसच्या रकान्यावर नेलं. "वाढलेली समजून डोस उतरवत गेले. खरी पातळी बहुधा बरेच महिने फार खाली होती."

"आता डोस वाढवला की..." थोरली म्हणाली.

"वाढवू. पण आत जे व्रण झाले असतील ते भरून येत नाहीत. किती झालेत ते बायोप्सीत, किडनीचा बारीक तुकडा काढून तपासल्यावर कळेल."

"म्हणजे परत डायलिसिस?" धाकट्याने विचारलं.

"आज नाही सांगता येणार." त्यांनी नाही म्हटलं नाही, हे दोघांनाही ऐकू आलं.

बाहेर तो बाकावर बसला. मग म्हणाला, "घड्याळजी म्हणवतो अन् वेळेनेच मारलं." थोरलीने त्याच्याकडे पाहिलं नाही. दुसरी किडनी द्यायला तिच्याकडे नव्हती. तिला समजावणारं घरात दुसरं कुणी नव्हतंच.

"तुझी चूक नाही," तो म्हणाला.

"मग कुणाची?"

तो उठला आणि दाखल होण्याची वेळ विचारायला खिडकीकडे गेला.

उद्या सकाळी सातला त्याला वॉर्डात दाखल करायचं आहे. पावणेनऊला रक्त घेतील, टॅक्रोलिमसची गोळी त्यानंतर. बायोप्सीच्या यादीत त्याचा नंबर दुसरा आहे.