फरशीवरची नखं

प्राणिसंग्रहालयात त्याला सगळे जादूगार म्हणत. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या इमारतीत तो लागला झाडूवाला म्हणून, आणि पुढची तीस वर्षं पिंजरे घासता घासता तिथला मुख्य राखणदार झाला. जादूगार हे नाव पडलं ते एका शॅमेलिऑन सरड्यामुळे. एक हिरवं कापड आणि एक तपकिरी, एवढंच त्याचं भांडवल. सकाळी लोक आले की खिडकीजवळच्या पिंजऱ्यामागे तपकिरी कापड लावायचं. सरडा काळपट. दुपारी तोच पिंजरा दिव्याखाली आणायचा, मागे हिरवं कापड. सरडा पोपटी हिरवा. लोक टाळ्या वाजवायचे, आणि हा मान अशी झुकवायचा की जणू रंग त्यानेच फासलाय.

फसवत होता असं नाही. त्याला स्वतःलाच ते खरं वाटत होतं. सरडा मागचं बघून रंग घेतो, हे कोणाला माहीत नाही? दारावरच्या पाटीवरही तेच लिहिलं होतं. पाटी खोटं कशाला बोलेल!

मग मधल्या पिंजऱ्यातली ती मादी. नराजवळ दोन दिवस ठेवून तिला परत आणली, आणि त्याच आठवड्यात त्याने पिंजऱ्यात काळ्या सालीची नवी फांदी बसवली. मादी काळी पडली. अंगावर पिवळे, निळे ठिपके उमटले. जवळ गेलं की तोंड उघडून फिस्कारायची, डुलायची. जादूगार भलताच खूश. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून सांगायचा, "बघा, सालीत कशी मिसळलीय!"

तीन आठवडे त्याने ती मिसळलेली दाखवली. शेवटच्या दिवसांत ती खाली उतरून फरशी खरवडायला लागली. खर्र, खर्र. पिंजरा स्वच्छ राहावा म्हणून खाली गुळगुळीत फरशी होती आणि तो ती रोज पुसायचा. "पळायला बघतेय लेकाची," तो हसून म्हणाला. "सरड्याची धाव कुंपणापर्यंत."

खरवडायला लागल्यापासून पाचव्या दिवशी ती फरशीवरच मेली.

संग्रहालयाच्या डॉक्टरीणबाईंनी तिला टेबलावर उघडली तेव्हा तो शेजारी ताट धरून उभा होता. पोटात एकेचाळीस अंडी. बाई रागावल्या नाहीत, तेच त्याला जास्त लागलं.

"काका, अंडी घालायला हिला ओली माती लागते, खोल. ती शोधत होती. आणि काळी झाली ती फांदीमुळे नाही. पोटात अंडी आहेत, आता जवळ येऊ नको, असं ती नराला सांगत होती."

"पण कापडाबरोबर रंग बदलतो की, बाई. मी रोज दाखवतो."

"उद्या सकाळी गारठ्यात हिरवं कापड लावून बघा."

त्याने लावलं. खिडकीजवळचा नर काळाच राहिला. दिव्याखाली तपकिरी कापड लावलं, तर हिरवा होत गेला. तीस-बत्तीस अंश ऊब मिळाली की झालं, कापड कुठलंही असो. गारठ्यात अंग काळं केलं की ऊन जास्त शोषलं जातं, एवढीच ती जादू. कातडीत बारीक स्फटिक असतात, बाई सांगत होत्या. सरडा निवांत असला की ते जवळजवळ असतात आणि हिरवा दिसतो. दुसरा नर दिसला, चिडला, की त्यांच्यातलं अंतर वाढतं आणि पिवळे-तांबडे रंग फुलतात. हरलेला नर पुन्हा काळवंडतो.

"मग लपायला रंगाचा काहीच उपयोग नाही?"

"आहे ना. निवांत असतानाचा हिरवा रंग पानांत लपतोच. पण तो बदलतो तेव्हा बहुतेक वेळा ऊब हवी असते, नाहीतर कोणाला काहीतरी सांगायचं असतं."

म्हणजे तीन आठवडे ती सगळ्या अंगाने सांगत होती, आणि आपण तिकीट काढून आलेल्यांना ती लपलीय म्हणून दाखवत होतो. हे त्याच्या डोक्यातून गेलं नाही. कापडं घडी करून कपाटात गेली. पण तो आवाज कपाटात जाईना. मधल्या रिकाम्या पिंजऱ्यापुढून जाताना खर्र. घरी स्वयंपाकघरात पाणी पिताना पायाखालच्या फरशीतून खर्र. आधी तो वाकून बघायचा. बायको म्हणायची, "अहो, काही नाहीये तिथे. उठा." पुढे त्याने बघणंच सोडलं. अकरा वर्षं तो त्या आवाजाबरोबर राहिला, जसा माणूस गुडघेदुखीबरोबर राहतो.

निवृत्तीला दोन महिने असताना दुसऱ्या संग्रहालयातून नवी मादी आली. एकटीच, नराशिवाय, म्हणून अंड्यांचा प्रश्नच नाही असं कागदावर होतं. ठेवली मधल्याच पिंजऱ्यात, दुसरा रिकामा नव्हता. काही दिवसांत ती काळवंडली. थंडी आहे, प्रवासाचा शीण आहे, जादूगार स्वतःशी म्हणाला. आता तो शहाणा झाला होता ना! रंग म्हणजे ऊब, हे त्याला पाठ होतं.

नवे साहेब मात्र उत्साहात. "काका, रविवारी शाळेची मुलं येतायत. तुमचा तो कापडाचा खेळ होऊन जाऊ दे. जाता जाता एकदा."

"साहेब, तो खेळ खोटा आहे."

"अहो, मुलांना काय कळतंय! टाळ्या वाजवतील."

रविवारी सकाळी त्याने कपाटातून कापडं काढली. दिवे लावत असताना मागून आवाज आला. खर्र, खर्र. तो वळला नाही. आज येणारच, कापडं हातात आहेत ना, असं म्हणून त्याने पाण्याची भांडी भरली, खिडक्या पुसल्या. बराच वेळ तो आवाज त्याच्या पाठीमागे चालू होता.

मग मादी दिव्याखाली का नाही, हे बघायला तो वळला. फांदी रिकामी होती. ती खाली फरशीवर होती, पुढच्या पायांनी खरवडत. दिवा तासभर चालू होता, पिंजरा चांगला तापला होता, आणि तरी ती काळीच. पिवळे, निळे ठिपके. त्याने हात पुढे केला तशी ती फिस्कारून डुलली.

नर नसला तरी मादी अंडी धरते, हे बाईंनी अकरा वर्षांपूर्वी त्या टेबलाजवळच सांगितलं होतं. त्याने ऐकलं होतं आणि ठेवून दिलं होतं.

डॉक्टरीणबाईंना फोन करून तो बागेकडे धावला. बादलीभर वाळू-माती, मुठीत दाबली की गोळा राहील इतकी ओली, हातभर खोल. बादली पिंजऱ्यात ठेवून मादीला अलगद बादलीच्या काठावर सोडलं. ती आत उतरली, दोनदा उकरलं, आणि थांबली. काचेपलीकडे मुलांची रांग लागली होती. साहेब पुढे होते.

कोणी बघत असेल तर ती खणणं सोडून देते.

त्याने दोन्ही कापडं उलगडली आणि काचेवर बाहेरून टांगली. हिरवं डावीकडे, तपकिरी उजवीकडे. टोकं चिकटपट्टीने बंद केली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. खेळ सुरू झाला असं त्यांना वाटलं.

"काका, आता काय होणार?" एका मुलीने विचारलं.

"काही नाही दिसणार, बाळा. तिला एकटं राहायचंय."

साहेबांचा चेहरा उतरला. जादूगार पिंजऱ्यापुढे स्टूल टाकून बसला तो संध्याकाळपर्यंत उठला नाही. आतून येत होता तो मातीचा मऊ आवाज.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंसमोर त्याने कापडाचा कोपरा उचलला. बादलीतली माती थापून सपाट केलेली होती. मादी फांदीवर दिव्याखाली बसली होती, पोट खपाटीला गेलेलं, रंग अजून काळपटच. तो उतरायला दिवस लागतील. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "वाचली, काका."

तो मान हलवत राहिला. बाई गेल्यावर त्याने तपकिरी कापड काढून पोटाशी धरलं आणि पहिली मादी जिथे मेली होती त्या फरशीकडे बघितलं.

"तेव्हाही हे माझ्याच हातात होतं गं," तो म्हणाला.